आधी गुडघा, मग भेंडी

बाजारात गेल्यावर मी पहिला प्रश्न भावाचा विचारत नाही. विचारते, "काय मावशी, गुडघा काय म्हणतो?" मावशी म्हणतात, "तो काय म्हणणार! मी म्हणते ते ऐकत नाही." मग त्यांच्या लेकीच्या परीक्षेची चौकशी होते, उन्हाला दोघी मिळून नावं ठेवतो आणि मग कुठे "भेंडी कशी दिलीत?" येतं. त्यानंतर आम्ही अशा काही हुज्जत घालतो, की आत्ताच एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या या त्याच दोघी, हे कुणाला खरं वाटू नये.

ते पहिलं मिनिट म्हणजे शिष्टाचार आणि खरा व्यवहार नंतरचा, असं मला बरीच वर्षं वाटायचं. एकदा माझ्यापुढे एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांनी ढिगाकडे बोट करून भाव विचारला, मावशींनी सांगितला, ते "बघतो" म्हणून पुढच्या गाळ्यावर गेले. मग माझा नंबर. गुडघा, लेक, ऊन झालं आणि त्याच ढिगाचा भाव मला थोडा खालून सांगितला गेला. मी अजून घासाघीस सुरूही केली नव्हती!

मावशींना नंतर विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना वरचा सांगावाच लागतो. ते तोडणारच. आणि तोडूनही घेतील याचा भरवसा नाही." म्हणजे अनोळखी माणसाच्या भावात घासाघिशीसाठी सोडलेली जागा आधीच धरलेली असते. माझ्या भावातही ती असते, पण कमी. आम्ही दोघी साधारण कुठे येऊन थांबणार हे दोघींना ठाऊक आहे, मग लांबून सुरुवात करून दमायचं कशाला?

क्लिफर्ड गीर्ट्झ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा बाजार वर्षानुवर्षं पाहिला आणि १९७८ साली त्यावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की अशा बाजारात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे माहिती. माल कसा आहे, खरा भाव काय, हे कुणालाच धड कळत नाही. मग गिऱ्हाइकापुढे दोन वाटा उरतात. एक, दहा जणांना भाव विचारत फिरायचं. दुसरी, एकाच माणसाशी खोलात जाऊन बोलायचं. चार गाळे फिरणारे ते गृहस्थ पहिल्या वाटेने गेले, मी दुसरीने जाते. आणि त्या वाटेचं दार गुडघ्याच्या चौकशीने उघडतं.

भाजीत तर ही माहितीची भानगड फारच आहे. पालेभाजीवर पाणी मारलेलं असतं. त्याने ती टवटवीत दिसते हे खरं, पण वजनावर घेतली तर त्या पाण्याचेही पैसे आपणच मोजतो. जुडी वरून हिरवीगार आणि बांधलेल्या जागी आत पिवळी असते. टोमॅटोच्या ढिगात आजचे वर आणि कालचे खाली. भेंडीचं टोक मोडून पाहावं, कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. पण प्रत्येक भेंडी मोडत बसलो तर गाळेवाली आपलीच बोटं मोडेल. कुठला माल कधी आला हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून त्या पहिल्या मिनिटात बोलता बोलता मावशी हळूच म्हणतात, "आज मेथी नका नेऊ," तेव्हा ते वाक्य भावातल्या कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाचं असतं. अनोळखी माणसाला त्या हे सांगणार नाहीत. त्याला परत पाठवलं तर तो गेलाच. मला आज मेथी विकली नाही, तर उद्या मी येतेच आणि त्यांच्या शब्दावर डोळे मिटून घेते.

हे मला कळलं ते फजितीतून. एकदा घाईत होते, फोन कानाला होता. गाळ्यापुढे उभी राहून नुसतं "टोमॅटो, एक किलो" म्हणाले, पैसे दिले आणि निघाले. घरी पिशवी उपडी केली तर तीन टोमॅटो दाबले तिथे बोट आत जाणारे. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काल तुम्ही कुठे आला होतात? कुणी तरी एक बाई फोनवर बोलत आली होती, ती घेऊन गेली."

काय बोलणार! पण त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी निवडून घेतलं नाही, त्यांनीही निवडून दिलं नाही. ढिगात समोर होते ते तराजूत पडले.

याचा अर्थ गोड बोलून भाव पाडता येतो, असा मुळीच नाही. "मावशी, मावशी" करत पाच मिनिटं कौतुक करणारी आणि शेवटी निम्म्याला मागणारी मंडळी त्या लांबून ओळखतात. चौकशीला वजन येतं ते मागच्या आठवड्याच्या चौकशीमुळे. परीक्षेचं विचारलं होतं, तर निकालाचंही विचारावं लागतं. विसरलं तर पहिली चौकशीही खोटी ठरते.

हैतीच्या बाजारात अशा संबंधाला "प्रातिक" म्हणतात. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६१ साली त्यावर लिहिलं आहे. गंमत अशी की विकणारी आणि घेणारी, दोघी एकमेकींची "प्रातिक". आपली प्रातिक यायची आहे म्हणून घेणारी बाई इतरांना नाही म्हणून थांबते आणि विकणारी तिच्यासाठी माप थोडं सैल सोडते. आपल्याकडे गिऱ्हाईक वेगळं आणि भाजीवाली वेगळी, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, आपणही "आमच्या नेहमीच्या मावशी" म्हणतो आणि मावशी माझ्याबद्दल शेजारणीला सांगतात, "नेहमीच्या आहेत." शब्द एकच.

या नेहमीचेपणाला काचही आहे. शेजारच्या गाळ्यावरची वांगी कितीही चमकत असली तरी ती घ्यायला मला लांबचा वळसा घालून जावं लागतं आणि येताना पिशवी मावशींच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी लागते. एकाच ठिकाणी घेत राहिलं की बाजारभाव कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी अधूनमधून जाता जाता दुसऱ्या गाळ्यांवर कान टाकते. मावशींना ते माहीत आहे. गीर्ट्झनेही लिहिलंय, की नेहमीची गिऱ्हाइकं आणि विक्रेते सौद्यात एकमेकांचे प्रतिस्पर्धीच राहतात.

परवा पोचायला फार उशीर झाला. बाजार उठत आला होता, पाट्या रिकाम्या. मी लांबूनच हताश चेहरा केला. मावशींनी गाळ्याखालून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पालकाची एक जुडी काढली. "ठेवली होती. आला नसतात तर घरी नेली असती." मला भरून आलं. मग त्यांनी भाव सांगितला.

"इतका?" मी म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.