३४० जुने ट्रेक व्हिडिओ आणि एक शीट

आमच्या ट्रेक ग्रुपच्या यूट्यूब चॅनलवर ३४० जुने व्हिडिओ पडून होते आणि नावं कशी तर "हरिश्चंद्र भाग २", "पावसाळा फायनल", काही तर चक्क कॅमेऱ्याचा फाईल नंबर. एकेक हाताने लिहायला बसलो तर वीसनंतर माझंच माझ्याशी जुळेना, कुठे "गड" आधी, कुठे वर्ष आधी. मग गूगल शीट उघडली.

आधी चार कॉलम केले, गड, पायथ्याचं गाव, प्रकार, वर्ष. दुसऱ्या टॅबवर गावं, त्यात गाव, तालुका, जिल्हा. पहिल्यांदा मी जिल्हा गडाच्या नावावरून शोधत होतो आणि तिथेच फसलो, कारण हरिश्चंद्रगडाला पाचनईवरून गेलात तर अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. खिरेश्वरवरून गेलात तर जुन्नर, पुणे. आणि नळीच्या वाटेने गेलात तर बेलपाड्याहून, म्हणजे मुरबाड, ठाणे. गड एकच, पण गाडी कुठे लावायची ते तीन जिल्ह्यांत! म्हणून शोध गावावरून.

शीर्षक असं जुळतं:

```
=TEXTJOIN(" | ",TRUE,A2,IF(B2="","",B2&"मार्गे"),C2,D2)
```

ते `TRUE` असल्यामुळे रिकामा सेल गळतो, मधे उगाच दोन उभ्या रेघा येत नाहीत. रांग भरली की "हरिश्चंद्रगड | पाचनईमार्गे | पावसाळी ट्रेक | २०१६". शेजारी `LEN` लावलं, १०० च्या वर गेलं की लाल, कारण यूट्यूब शीर्षकाला तेवढीच जागा देतं. आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात बरं का, "हरिश्चंद्रगड" दिसायला सहा अक्षरं, `LEN` म्हणतं १२.

वर्णनातल्या जिल्ह्यासाठी:

```
=VLOOKUP(B2,'गावं'!A:C,3,FALSE)
```

शेवटचं `FALSE` मी आधी लिहिलंच नव्हतं. एरर आली असती तर कळलं असतं, पण नाही, यादी क्रमाने लावलेली नसताना ते गुपचूप दुसऱ्याच गावाचा जिल्हा देतं. बेलपाड्यासमोर अहिल्यानगर दिसलं म्हणून ट्यूब पेटली, तोवर ६० वर्णनं पेस्ट करून झालेली. परत सगळी केली, काय करणार. गावाच्या नावाला ड्रॉपडाऊनही तेव्हाच लावला, नाहीतर एकदा "पाचनई" आणि एकदा मागे स्पेस असलेलं "पाचनई ", की `#N/A`.

वर्णनात ओळी तोडायला `CHAR(10)` वापरलंय. पण तो सेल तसाच कॉपी करून यूट्यूबला पेस्ट केला की मागेपुढे अवतरणचिन्हं चिकटून येतात. उपाय ओबडधोबड आहे, शेजारच्या कॉलमात फक्त व्हॅल्यू पेस्ट करायची, तिथे डबल क्लिक करून आतला मजकूर उचलायचा.

एक कटकट मात्र उरलीच. अहमदनगरचं अहिल्यानगर गावांच्या टॅबवर बदललं की शीटमधली सगळी वर्णनं बदलतात, पण यूट्यूबवर आधी चिकटवलेली तशीच राहतात. म्हणून "पेस्ट केल्याची तारीख" असा कॉलम ठेवलाय, त्यावरून जुनी शोधतो. अजून ४० राहिलेत, बहुतेक रतनगड.