दहा डझनांची ओळ, जी कधी नव्हतीच

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याचा हिशेब माझ्याकडे असतो. विणकरांची मजुरी डझनावर निघते, आणि डझनं लिहिली जातात मुनीमजींच्या लांबलचक रजिस्टरात. एक पान एका फोटोत मावत नाही. मावलंच तर आकडे वाचता येत नाहीत. म्हणून मुनीमजी एका पानाचे तीन फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि काही सुटू नये म्हणून आधीच्या फोटोतल्या दोन-चार ओळी पुढच्यात मुद्दाम घेतात. ही सवय चांगलीच. पण जोडणाऱ्याला त्या ओळी नेमक्या काढाव्या लागतात.

त्या दिवशी पगाराच्या आधीची संध्याकाळ होती. आमच्या ऑफिसातल्या मुलीने तिन्ही फोटो टाइप केले होते: 15, 14 आणि 13, मिळून 42 ओळी. मग एक्सेलचं Remove Duplicates चालवलं. उरल्या 34 ओळी आणि 204 डझन. पानाच्या तळाला मुनीमजींची बेरीज होती 214. ती तासभर दहा डझनांची एक ओळ शोधत बसली होती. "सर, एकही ओळ दहाची नाही हो," म्हणाली.

नसणारच. Remove Duplicates फक्त मजकूर बघतं, ओळ पानावर कुठे आहे ते त्याला कळत नाही. आमच्या रजिस्टरात तारीख, माग नंबर, विणकर, साइज आणि डझन एवढेच रकाने. पाळीचा रकाना नाही. बारा नंबरच्या मागावरच्या विणकराने सकाळी सहा डझन जमा केले आणि दुपारी पुन्हा सहा, तर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. त्या दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचे पैसे त्याला मिळायला हवेत.

मी मूळ 42 ओळी परत मागवल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, पहिल्या एकाच रकान्यात फोटोचा नंबर आणि त्या फोटोतला क्रम लिहिला. मग पहिल्या फोटोचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं शेजारी ठेवून सरकवत नेलं. एखादी ओळ जुळली म्हणून थांबायचं नाही, सलग ओळी त्याच क्रमाने जुळल्या पाहिजेत. इथे अडचण अशी की तेराव्या आणि चौदाव्या ओळी एकसारख्याच होत्या, पाच-पाच डझनच्या. नुसत्या त्यांवर भरवसा ठेवला असता तर जोड एका ओळीने घसरला असता. बाराव्या ओळीत मात्र साइज खोडून वर दुसरी लिहिली होती आणि शेजारी निळ्या शाईचा डाग. तोच डाग दुसऱ्या फोटोत अगदी पहिल्या ओळीला दिसला. म्हणजे बारा ते पंधरा, चारच ओळी दोनदा आलेल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत तीन ओळी सामाईक निघाल्या, पण मधली जुळेना. एकीत १ डझन, दुसरीत ९. आजूबाजूच्या दोन्ही ओळी जुळतात, तेव्हा ही ओळ वेगळी नाही, वाचण्यात फरक आहे. मोठं करून पाहिलं तर दुसऱ्या फोटोत तिच्यावर मोबाइल धरलेल्या हाताची सावली होती. तिसऱ्या फोटोत ९ चं वेटोळं स्वच्छ दिसत होतं.

आता हिशेब उलगडला. सहाची एक आणि पाचची एक अशा दोन खऱ्या ओळी उडाल्या, अकरा डझन गेले. चुकीचा १ मात्र वेगळी ओळ म्हणून टिकला, एक डझन वाढला. दोन्ही मिळून दहा कमी. दोन उलट्या चुकांनी एक गोल आकडा तयार केला होता. अजून थोडे आकडे इकडेतिकडे असते तर बेरीज बरोबरही आली असती, म्हणून मी बेरजेआधी ओळी मोजतो: 42 वजा 7, पस्तीस. मूळ पानावरही पस्तीसच.

सात ओळी मी पुसल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात "वगळा" लिहिलं, आणि बेरीज अशी घेतली:

```
=SUMIFS(F2:F43,G2:G43,"<>वगळा")
```

214 आले. जोडात दोन प्रतींपैकी जी स्वच्छ वाचता येते ती ठेवायची, पहिली आली म्हणून पहिली नाही.

मुलीने एक काम मात्र आधीच नीट केलं होतं. मुनीमजी तारीख दिवसाच्या पहिल्याच ओळीत लिहितात, खाली नुसत्या खुणा. दुसरा फोटो दिवसाच्या मधूनच सुरू होत होता. तिने पहिल्या फोटोतून तारीख खाली ओढली होती, नाहीतर सामाईक ओळीही एकमेकींशी जुळल्या नसत्या.

फोटोंमध्ये सामाईक ओळच नसेल तर यातलं काही चालत नाही. तिथे मधलं काय सुटलं ते फोटो सांगू शकत नाहीत, रजिस्टरच बघावं लागतं. मुनीमजींना फोन करून म्हटलं, समासात पेन्सिलने ओळींना नंबर टाकत जा. "साहेब, एवढं लिहीत बसलो तर माल कोण मोजणार?" शेवटी दर पाचव्या ओळीला नंबर, यावर तडजोड झाली.