नग कसाही पडो: चेन कोडमधून गॅस्केटची डाय ओळखताना माझा अनुभव

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये रबर आणि फायबर शीटमधून गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती थांबवणारे चपटे तुकडे, कापतात. कापलेले नग बऱ्याचदा एकाच क्रेटमध्ये मिसळून येतात आणि मग कुठला नग कुठल्या डायचा, म्हणजे कापायच्या साच्याचा, हे कुणीतरी बसून निवडावं लागतं. युनिटचे मालक आमच्या दांडिया बाजारातले जुने शेजारी, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी मला बोलावलं आणि अट एकच घातली: "खालून दिवा असलेलं टेबल देतो, वर कॅमेरा लाव. पण नग सरळ ठेवायला माझ्याकडे माणूस नाही, तो कसाही पडू दे."

ही "कसाही पडू दे" म्हणजेच सगळं काम होतं. खालून प्रकाश असल्यामुळे नगाची कड काळ्यापांढऱ्यात स्वच्छ मिळते. ती कड आकड्यांत लिहायची जुनी रीत हर्बर्ट फ्रीमन यांनी १९६१ मध्ये मांडली, तिलाच चेन कोड म्हणतात. कडेवरून एक एक पाऊल चालायचं आणि प्रत्येक पावलाची दिशा आकड्याने नोंदवायची. चार दिशांच्या कोडमध्ये ० म्हणजे उजवीकडे, १ वर, २ डावीकडे, ३ खाली. आठ दिशांचा कोडही आहे, त्यात तिरकी पावलं येतात. पण मी चारच दिशा घेतल्या, त्याचं कारण पुढे येईल.

संगणकाला हात लावण्याआधी मी चौकटीच्या वहीत एक नग काढला: एल आकार, दोन घरं रुंद, तीन घरं उंच. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं की दोन पावलं उजवीकडे, एक वर, एक डावीकडे, दोन वर, एक डावीकडे, तीन खाली. कोड झाला ००१२११२३३३. कड बंद झाली की नाही हे लगेच तपासता येतं: शून्य जितके तितकेच दोन, आणि एक जितके तितकेच तीन हवेत. इथे दोन-दोन आणि तीन-तीन आहेत.

आता हाच नग पाव फेरा फिरलेला पडला आणि कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमने कड दुसऱ्याच कोपऱ्यातून धरली, तर कोड येतो २२३०००११२३. पहिल्या कोडशी त्याचं काहीच साम्य दिसत नाही. यात दोन वेगळे गोंधळ एकत्र आहेत. सुरुवातीचा बिंदू बदलला की आकड्यांची माळ नुसती गोल सरकते. नग घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरला की प्रत्येक आकड्यात एक वाढतो, आणि तीनचा पुन्हा शून्य होतो.

फिरण्याचा गोंधळ घालवायला दिशा लिहायचीच नाही, वळण लिहायचं. प्रत्येक आकड्यातून त्याच्या आधीचा आकडा वजा करायचा आणि चाराने भागून उरलेली बाकी घ्यायची. ० म्हणजे सरळ, १ म्हणजे डावं वळण, ३ म्हणजे उजवं. सगळ्या आकड्यांत एक मिळवला तरी वजाबाकी तीच राहते. पहिल्या आकड्याच्या आधीचा आकडा म्हणजे शेवटचा, हे विसरायचं नाही. माळ गोल आहे, आणि तो सांधा सोडला तर एक वळण हरवतं. आपल्या एल आकारासाठी वळणांची माळ येते १०११३०११००. फिरलेल्या नगासाठी ३०११००१०११.

या दोन माळा अजून वेगळ्या दिसतात, पण आता फरक फक्त सरकण्याचा आहे. म्हणून माळ जिथून जिथून सुरू करता येईल तिथून करून पाहायची, आणि आकडा म्हणून वाचल्यावर जी सर्वांत लहान येते ती ठेवायची. दोन्हींतून ००१०११३०११ हेच उत्तर येतं. यालाच शेप नंबर म्हणतात. ब्रिबिएस्का आणि गुझमान या दोघांनी ही कल्पना मांडली.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि बरेच जण याच ठिकाणी अडतात म्हणून उदाहरण पूर्ण देतो. आधी मूळ कोडच लहानात लहान करून घेतला आणि मग वळणं काढली तर काय होईल? पहिल्या नगाचा कोड ००१२११२३३३ हाच सर्वांत लहान आहे, त्याची वळणं १०११३०११००. फिरलेल्या नगाचा सर्वांत लहान कोड ०००११२३२२३, त्याची वळणं १००१०११३०१. जुळत नाहीत. कारण उघड आहे: पाव फेऱ्याने आकडे बदलले की "सर्वांत लहान" सुरुवात कडेच्या दुसऱ्याच जागी जाते. पहिल्या नगात ती आखूड बाजूवर होती, दुसऱ्यात लांब बाजूवर गेली. म्हणून आधी वळणं, मग लहानात लहान.

प्रोग्रॅम एवढाच आहे:

```python
def shape_number(c):
    n = len(c)
    d = [(c[i] - c[i-1]) % 4 for i in range(n)]
    return min(d[i:] + d[:i] for i in range(n))
```

पायथनमध्ये `c[-1]` म्हणजे शेवटचा आकडा, त्यामुळे गोल सांधा आपोआप जुळतो. वळणांची माळ हाती आली की आणखी एक तपासणी करायची: एकांची संख्या वजा तीनांची संख्या बरोबर चार यायला हवी. आपल्या माळेत पाच एक आणि एक तीन आहे. उणे चार आले तर कड उलट दिशेने चालली गेली आहे. चित्रात ओळी वरून खाली मोजतात, त्यामुळे वर-खालीची अदलाबदल सहज होते आणि ती इथे पकडली जाते. चारही नाही आणि उणे चारही नाही, तर माळ तुटलेली आहे किंवा कड स्वतःला छेदते आहे.

वहीत हे सगळं देखणं चालतं. पण टेबलावरचा नग पाव फेऱ्यानेच फिरून पडेल असं थोडंच आहे? तो सतरा अंशांत पडतो, बावन्न अंशांत पडतो. आठ दिशांचा कोड पंचेचाळीस अंशांपर्यंत सांभाळतो असं वाचायला मिळतं. आकड्यांपुरतं ते खरं, चित्रापुरतं नाही. दहा आडव्या पावलांची बाजू पंचेचाळीस अंशात फिरवली की ती साधारण सात तिरक्या पावलांची होते, कारण तिरकं पाऊल जवळपास १.४१ पट लांब असतं. माळेची लांबीच बदलली तर वळणं जुळणार कशी? जाळी फक्त पाव फेऱ्यानेच स्वतःवर तंतोतंत बसते. म्हणून मी चार दिशांवर थांबलो आणि उरलेला कोन कोड काढण्याआधीच घालवायचं ठरवलं.

त्यासाठी जाळी नगाला धरून बसवायची. पुस्तकातली रीत अशी: कडेवरचे एकमेकांपासून सर्वांत दूर असलेले दोन बिंदू घ्या, तो लांब अक्ष, त्याला समांतर पेटी आखा. काकांच्या नगांवर मला हे चालवता आलं नसतं. समजा ६० बाय ४० मिलिमीटरचा आयताकृती नग आहे आणि एका लांब बाजूच्या मध्यावर छोटा कान आहे. दूरचे बिंदू म्हणजे कर्णाची टोकं, आणि कर्ण दोन, दोन्ही सारखेच, सुमारे ७२ मिलिमीटर. त्यांच्यातला कोन सुमारे ६७ अंश. कुठला कर्ण निवडला जाईल हे एखाददुसऱ्या पिक्सेलच्या धुळीवर ठरतं. कोन नव्वद असता तर शेप नंबरने सांभाळून घेतलं असतं. सदुसष्ट तो सांभाळू शकत नाही.

त्याऐवजी मी सर्वांत कमी क्षेत्रफळाची पेटी घेतली. तिची एक बाजू नगाभोवती ताणलेल्या दोऱ्याच्या एखाद्या सरळ तुकड्यावर पडतेच. हे फ्रीमन यांनीच शपीरा यांच्यासोबत १९७५ मध्ये दाखवलं होतं. सरळ कडांच्या गॅस्केटला ती कडेवर घट्ट बसते. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत `minAreaRect` ती देतं. कड काढताना मात्र `CHAIN_APPROX_NONE` द्यायचं, म्हणजे सरळ रेषेवरचे मधले बिंदू गाळले जात नाहीत आणि कडेवरचं पाऊल न् पाऊल पाहता येतं. मग चित्र पेटीच्या कोनात फिरवायचं, पेटीत बसेल अशी जाळी आखायची, ज्या घराचा अर्ध्याहून जास्त भाग नगाने झाकला ते घर भरलेलं धरायचं, आणि त्या घरांच्या बाहेरच्या कडेवरून चालायचं. पेटीची लांब बाजू कधी आडवी धरली गेली, कधी उभी, तरी हरकत नाही. तो पाव फेऱ्याचाच फरक आहे.

जाळी किती बारीक, हा यानंतरचा प्रश्न. घर जेमतेम अर्धं झाकलेलं असेल तर ते एका फोटोत भरतं, दुसऱ्यात रिकामं राहतं. सरळ बाजूवर एक घर बाहेर आलं की वळणांत ३११३ असा तुकडा घुसतो आणि माळ दोन आकड्यांनी वाढते. आत खड्डा पडला तर १३३१. हे दोन तुकडे ओळखता यायला लागले की माळ नुसती वाचूनच बिघाड कुठे आहे ते कळतं. पण दोन शेप नंबर शेजारी ठेवून आकड्याला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. एका घराच्या फरकाने सर्वांत लहान सुरुवात दुसरीकडे उडी मारते आणि जवळजवळ सारखे नग पार वेगळे दिसतात. मी मोठ्या घरांची जाळी आधी घेतली, मग तीच पायरीपायरीने बारीक केली. ज्या पायरीपर्यंत शेप नंबर तंतोतंत जुळत राहतात तितकं दोन आकारांचं साम्य. प्रत्येक डायची अशी पायऱ्यांची यादी एकदा करून ठेवली. नव्या नगाने जिच्याबरोबर सर्वांत खोलवर साथ दिली ती त्याची डाय.

उलटा पडलेला नग हा शेवटचा प्रश्न. एल आकार पालथा केला की शेप नंबर ००११०३११०१ येतो, म्हणजे वेगळा. मी काकांना विचारलं, "पालथा नग वेगळा धरायचा का?" ते म्हणाले, "साध्या शीटला दोन्ही अंगं सारखीच. पण एका अंगाला गोंद असलेला माल वेगळाच धर." म्हणून साध्या मालासाठी वळणांची माळ उलटीही वाचतो आणि दोन्हींतला लहान आकडा ठेवतो. गोंदवाल्या मालासाठी तसं करत नाही.

बोल्टच्या भोकांबद्दल बाहेरची कड काहीच सांगत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डायमध्ये भोकांची संख्या आणि जागा वेगळ्या मोजाव्या लागतात. गोल रिंगा मी या रीतीतून बाहेरच ठेवल्या. वर्तुळाभोवतीची पेटी कुठल्याही कोनात तितकीच बसते, आणि सगळ्या रिंगांचा जाळीवरचा आकार एकच येतो. त्यांच्यासाठी आतला आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजणं पुरतं.