बारशाचा फोटो

सकाळी घरच्या ग्रुपवर भाचीच्या बारशाचा फोटो आला. फोनच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक फक्त ‘फोटो’ म्हणून थांबला. मला अजिबात दिसत नाही, म्हणून नेहमीसारखं शेअर दाबून तो वर्णन सांगणाऱ्या अ‍ॅपवर पाठवला. थोड्याच वेळात वर्णन वाचून झालं: झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, लाल टोपडं घातलेलं बाळ, वाकून बघणारी नऊवारीतली वयस्कर बाई, शेजारी वाटीत पिवळी फुलं.

अ‍ॅप नावं सांगत नाही, पण नऊवारी म्हणजे आजीच! पाळण्यावर वाकलेली आजी, डोळे भरून आले माझे.

फुलांची मात्र शंका आली. तोच फोटो पुन्हा पाठवला, तर या वेळी वाटीत लाडू. पाळणा, टोपडं, नऊवारी तशीच. दोन्ही वेळा जे सारखं येतं ते बहुतेक खरं असतं, जे बदलतं तिथे अंदाज असतो, आणि तो अंदाजही अगदी ठाम सुरात येतो. म्हणून औषधाच्या पट्टीवरचं नाव मी कधीच यावर सोडत नाही.

वहिनीला फोन केला. वाटीत घुगऱ्या होत्या. माझ्यासाठी ठेवल्यात म्हणाली.