उत्तर जुळलं, पण भाग चुकला होता

मी अमळनेरला इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या पोरांना गणित शिकवते. परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर फोटोच फोटो येतात, त्यात मागच्या सेमिस्टरला पारोळ्याच्या एका पोरीचा फोटो आला आणि सोबत व्हॉइस मेसेज, "मॅडम, पुस्तकमा उत्तर चुकेल शे."

फोटोत एक आकृती होती. y = x² चा वक्र, त्यावर (2, 4) हा बिंदू, त्या बिंदूपासून दोन्ही अक्षांवर तुटक रेषा, आणि रंगवलेला एक भाग. गणित असं की हा भाग (अ) y-अक्षाभोवती आणि (ब) x-अक्षाभोवती फिरवा, घनफळ काढा. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, पान बाइंडिंगकडे वाकलेलं आणि खालच्या अर्ध्यावर हाताची सावली, त्यामुळे राखाडी रंग नक्की कुठंय तेच कळेना, वक्राच्या वर की खाली.

तिनं धरलं वरचा भाग, म्हणजे y-अक्ष, वक्र आणि वरची y = 4 ही रेषा यांच्यामधला. (अ) साठी आडवी पट्टी घेतली, y-अक्षापासून वक्रापर्यंत. पट्टी फिरली की डिस्क होते, त्रिज्या x, आणि x² म्हणजेच y, म्हणून π∫y dy, 0 ते 4, उत्तर 8π. पुस्तकात पण 8π. मग (ब) ला उभी पट्टी, वरून 4 पासून खाली x² पर्यंत, मध्ये पोकळी राहते म्हणून वॉशर, π∫(16 − x⁴)dx, 0 ते 2, उत्तर 128π/5. आणि पुस्तकात 32π/5! इंटिग्रेशन मी दोनदा तपासलं, एका चिन्हाचीही चूक नाही. तिचं म्हणणं पण सरळच होतं, आकृती तीच, (अ) बरोबर आलं म्हणजे मी भाग बरोबर धरलाय, मग (ब) पुस्तकातच चुकलंय.

तेवढ्यात तिच्या मैत्रिणीनं पण वही पाठवली, आणि खरी गंमत तिथे कळली. तिनं (अ) शेलनं केलं होतं. उभी पट्टी, x-अक्षापासून वक्रापर्यंत, उंची x². पट्टी y-अक्षाभोवती फिरली की पातळ नळी होते, घेर 2πx, उंची x², जाडी dx. म्हणून 2π∫x³dx, 0 ते 2, म्हणजे 2π·4, पुन्हा 8π. दोघी खूश, डिस्कनं केलं काय आणि शेलनं केलं काय उत्तर एकच. पण पट्ट्या बघा ना! एकीची पट्टी वक्राच्या वर, दुसरीची वक्राच्या खाली. या एकाच भागाच्या दोन पद्धती नव्हत्याच, दोघींनी वेगवेगळे भाग फिरवले होते.

मग 8π दोन्हीकडे का? (2, 4) पासून अक्षांपर्यंत जो आयत होतो तो y-अक्षाभोवती फिरवा, त्रिज्या 2 आणि उंची 4 चा सिलिंडर मिळतो, घनफळ 16π. वरचा भाग फिरला की त्या सिलिंडरच्या आतली भरीव वाटी होते, खालचा भाग फिरला की वाटीच्या बाहेर उरलेलं. आणि पॅराबोला त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला तर ती वाटी बरोब्बर सिलिंडरच्या निम्मी असते, हे आर्किमिडीजनं कॅल्क्युलस यायच्या कितीतरी शतकं आधी सिद्ध केलंय. निम्मं आत, निम्मं बाहेर. म्हणून भाग चुकला तरी उत्तर जुळतं.

मी फोनवर तिला एवढंच म्हटलं, "x² च्या जागी x³ घे, x = 2 पर्यंत, आणि दोघी y-अक्षाभोवतीच फिरवा." आता सिलिंडर त्रिज्या 2, उंची 8, म्हणजे 32π. तिची डिस्क π∫y^(2/3) dy, 0 ते 8, देते 96π/5. मैत्रिणीचं शेल 2π∫x⁴dx, 0 ते 2, देतं 64π/5. बेरीज केली तर 160π/5, म्हणजे 32π, पूर्ण सिलिंडर. दोन मिनिटं ती काही बोललीच नाही, मग म्हणे, "म्हणजे आम्ही दोघींनी मिळून अख्खा सिलिंडर काढला!"

मग पान सपाट करून, खिडकीच्या उजेडात फोटो परत काढायला लावला. राखाडी रंग x-अक्षाला टेकलेला स्वच्छ दिसला, म्हणजे भाग वक्राखालचा. मग (ब) ला पोकळी नाहीच, साधी डिस्क, त्रिज्या x², π∫x⁴dx = 32π/5. पुस्तक बरोबर होतं. आणि (अ) तिला डिस्कच्याच बाजूनं करायचं असेल तर आडवी पट्टी वक्रापासून x = 2 पर्यंत जाते, बाहेरची त्रिज्या 2, आतली √y, म्हणून वॉशर, π∫(4 − y)dy, 0 ते 4, उत्तर 8π. आता ही खरी एकाच भागाची दुसरी पद्धत.

तिनं लगेच विचारलं की मग डिस्क घ्यायची का शेल, हे ठरवायचं कसं? क्लासेसमध्ये पोरांना पाठ करवतात की y-अक्ष आला की शेल, मला हे अजिबात पटत नाही, वरच्या वाटीला y-अक्षाभोवती डिस्कच सोपी पडते. मी पोरांना अक्ष बघायच्या आधी पट्टी काढायला लावते. पट्टी अशी पाहिजे की पूर्ण भागात तिची दोन्ही टोकं त्याच दोन वक्रांवर राहतील, आणि तिची लांबी सरळ लिहिता येईल. पट्टी ठरली की अक्षाकडे बघायचं, पट्टी अक्षाला लंब असेल तर डिस्क किंवा वॉशर, समांतर असेल तर शेल. दुसरं काही ठरवायचं उरत नाही.

तिच्याच चॅप्टरमधलं y = 2x² − x³ तिला दिलं, x-अक्ष आणि या वक्रातला उंचवटा, 0 ते 2, y-अक्षाभोवती. तिनं सवयीनं आडवी पट्टी काढली आणि अडकली, कारण डावं टोकही त्याच वक्रावर आणि उजवंही त्याच वक्रावर, दोन्ही x काढायला 2x² − x³ = y हे घन समीकरण सोडवावं लागतं. उभी पट्टी घेतली की खाली अक्ष, वर वक्र, सगळीकडे तेच. 2π∫(2x³ − x⁴)dx, म्हणजे 2π(8 − 32/5), म्हणजे 16π/5.

उत्तर मागच्या पानावर बघायच्या आधी मी तिला सिलिंडरशी ताडायला लावलं. उंचवट्याचा माथा x = 4/3 ला, उंची 32/27, त्रिज्या 2, म्हणजे बाहेरचा सिलिंडर 128π/27, साधारण 4.74π. आपलं 3.2π, आत बसतं. आता तिचे फोटो येतात त्यात आकृतीवर पट्टी पेननं काढलेली असते, दोन्ही टोकांना वक्रांची नावं लिहून.