शब्दांकनातल्या रेघा काढताना

‘चिन्हे कमी करावीत.’ पहिल्या पानाच्या डोक्यावर लाल शाईत एवढाच शेरा. माझा लेख स्मरणिका समितीकडून तीन वेळा परत आला आणि तिन्ही वेळा हेच तीन शब्द. कोणती चिन्हं, कुठली, आणि ती काढून त्या जागी काय ठेवायचं, हे कुणीच सांगितलं नाही. विचारायला फोन केला तर ‘बघा ना मॅडम, तुम्हालाच समजेल’ असं उत्तर मिळालं. ते आठवलं की अजून डोकं तापतं. मे महिना, नागपूरचं ऊन आणि समोर तो कागद. शेवटी मार्ग सापडला तो माझा मलाच, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त जुन्या सभासदांच्या मुलाखती घेऊन त्यांचं शब्दांकन करायचं होतं. माझ्या वाट्याला इतवारीतले एक काकाजी आले. तरुणपणी ते एम्प्रेस मिल या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दोन तास बोलले, मी फोनवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन उतरवलं. तिथवर काही अडलं नाही.

त्यांचं मूळ बोलणं असं होतं. “भोंगा वाजला का निघाचं घरून. घड्याळ कोनाकडं होतं जी तवा? भोंग्यावरच चाले सारं. डबा भरून तयार राहे.”

आणि मी त्याचं हे केलं होतं. ‘भोंगा — मिलचा नव्हे, साऱ्या वस्तीचा — वाजला की एकच गोष्ट ठरलेली: कामावर निघायचे. तो केवळ आवाज नव्हता, तर आयुष्याचे घड्याळ होते. आणि पत्नीच्या हातचा डबा — तो केवळ अन्न नव्हता, तर माया होती.’

लिहिताना मला हे फार छान वाटलं होतं. नऊशे शब्दांच्या लेखात मोजल्यावर 31 मोठ्या रेघा निघाल्या, 14 अपूर्णविराम आणि नऊ वेळा ‘केवळ नव्हे तर’. म्हणजे शंभर शब्दांमागे तीन रेघा आणि एक ‘केवळ’. शेरा चुकीचा नव्हता, हे मोजल्यावर मान्य केलं. राग होता तो त्या तुटकपणाचा.

दुसऱ्या वेळी लेख परत आला तेव्हा समितीतल्याच कुणीतरी आपल्या परीने मदत म्हणून माझ्या फाइलवर ‘शोधा आणि बदला’ चालवलं होतं. सगळ्या रेघांच्या जागी स्वल्पविराम, सगळ्या अपूर्णविरामांच्या जागी पूर्णविराम. मी पान उघडलं तर ‘दु:ख’चं ‘दु.ख’ झालेलं, ‘अंत:करण’चं ‘अंत.करण’. ‘आई-वडील’ जाऊन ‘आई, वडील’ आले आणि ‘चार-पाच जण’चे ‘चार, पाच जण’. काकाजींची पाळी ‘7:30’ला सुरू व्हायची, ती ‘7.30’ झाली.

यात अर्धी चूक माझी. विसर्ग आणि अपूर्णविराम डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. मी घाईत विसर्गाच्या जागी साधा अपूर्णविराम टाइप करत आले होते, आणि असं करणारी मी एकटी नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून हायफनची कळ दाबली की खरा विसर्ग येतो. कोणत्याही लेखातले अपूर्णविराम कमी करायला बसण्याआधी दु:ख, स्वत:, अंत:करण, नि:शब्द असे शब्द एकेक शोधून त्यांत खरा विसर्ग घालून घ्यावा. शब्दाच्या मधला अपूर्णविराम चटकन ओळखू येतो. ‘स्वत:’सारखा शब्द मात्र चिन्हावरच संपतो, तिथे ते चिन्ह विसर्गासाठी आहे की विरामासाठी, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे काम हातानेच करावं लागतं.

रेघांचंही तसंच. दोन शब्द जोडणारं आखूड संयोग चिन्ह आपल्याला हवंच असतं, ‘ये-जा’ त्याशिवाय कशी लिहिणार. कमी करायचं आहे ते लांब अपसारण चिन्ह. वर्डच्या शोध खिडकीत `^+` लिहिलं की लांब रेघ सापडते आणि `^=` लिहिलं की मधल्या मापाची. मी ‘बदला’चं बटण दाबलंच नाही. प्रत्येक रेघेपाशी थांबत गेले.

तरी लेख तिसऱ्यांदा परत आला. हा टप्पा मला सगळ्यात जास्त छळून गेला.

तोवर मी रेघा काढून तिथे स्वल्पविराम, कंस किंवा पूर्णविराम घातले होते. चिन्हांची संख्या खरंच उतरली होती. पण मोठ्याने वाचलं की आवाज त्याच जागी चढत होता आणि त्याच जागी पडत होता. ‘भोंगा, मिलचा नव्हे, साऱ्या वस्तीचा, वाजला की’ हे वाक्य रेघांशिवायही तितकंच अडखळत होतं. ‘केवळ’ हा शब्दही मी नऊ ठिकाणांहून काढला होता आणि तिथे ‘इतकेच नाही’, ‘एवढ्यावरच न थांबता’, ‘एकीकडे आणि दुसरीकडे’ हे येऊन बसले होते. एका ठिकाणी तर सरळ दोन वाक्यं केली होती. ‘तो आवाज नव्हता. ते घड्याळ होते.’ चिन्ह नाही, केवळ नाही, तरी सांगाडा तोच. आधी एक गोष्ट नाकारायची, मग तिच्याहून मोठी गोष्ट हातात ठेवायची.

त्या रात्री कूलरसमोर बसून मी नऊच्या नऊ वाक्यांना एकच प्रश्न विचारला. यातलं पहिलं म्हणणं कुणाचं आहे? भोंगा केवळ आवाज आहे, असं कोण म्हणालं होतं? काकाजी म्हणाले नव्हते, वाचकाच्या मनातही ते येणार नव्हतं. मीच एक खोटा समज उभा केला होता, तो पाडता यावा म्हणून. नऊपैकी आठ वाक्यं अशी निघाली. तिथे पहिला अर्धा भाग पुसून टाकला आणि दुसरा अर्धा एकट्याने उभा राहतो का ते पाहिलं. ‘भोंगा आयुष्याचे घड्याळ होते’ हे एकटं उभं राहिलं नाही, ते फुगलेलं दिसलं. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. काकाजींनी त्याच जागी सांगितलं होतं की तेव्हा कुणाकडे घड्याळच नव्हतं. खरंखुरं घड्याळ नसल्याची साधी गोष्ट होती आणि मी ती उपमेखाली पुरून टाकली होती.

नववं वाक्य मी ठेवलं. रात्रपाळी फक्त तरुण कामगारांनाच असते असा माझा समज होता, तो मी मुलाखतीत बोलूनही दाखवला होता आणि काकाजींनी तो खोडून काढला होता. तिथे नकार खरा होता, कारण समोर माणूस होता.

त्यानंतर रेघांकडे वळले आणि त्या भराभर सुटत गेल्या. प्रत्येक रेघ एखाद्या मराठी शब्दाची जागा अडवून बसली होती. कुठे तिथे ‘म्हणजे’ हवं होतं, कुठे ‘कारण’, कुठे ‘की’. मधेच घुसलेली माहिती ‘जो’ आणि ‘तो’ने जोडता येत होती किंवा नामाच्या आधी नेता येत होती. ‘माझा मित्र — जो पुढे फिटर झाला — मला घेऊन गेला’ याचं ‘पुढे फिटर झालेला माझा मित्र मला घेऊन गेला’ झालं. ही चिन्हं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर थॉमस कँडींच्या खटपटीने रुजली. त्याआधीच्या मोडी कागदांत ती नव्हती आणि तरी वाक्यं कळायची, कारण हे सांधे शब्दांतच होते. ‘च’ आणि ‘ही’ घ्या. ‘पगार तर वेळेवर मिळायचाच, रजाही मिळायची’ असं म्हटलं की ‘केवळ नव्हे तर’चं सगळं काम दोन अक्षरांत होतं. फक्त तेही दर परिच्छेदात वापरू नये, नाहीतर नवी खोड लागते. मला दोन पानांत लागली होती.

अपूर्णविरामाची युक्ती तर इतकी साधी की आधी का सुचली नाही, याचं वाईट वाटलं. मी लिहिलं होतं, ‘साच्यावर तीन गोष्टी सांभाळाव्या लागत: धागा, धोटा आणि कान.’ मराठीत वाक्याचं वजन शेवटी पडतं, म्हणून यादी आधी आणि मोजदाद नंतर. ‘साच्यावर धागा, धोटा आणि कान या तीन गोष्टी सांभाळाव्या लागत.’ चौदातले अकरा अपूर्णविराम असेच गेले. राहिलेल्या तिनांतले दोन वेळांचे होते आणि एक नोंदवहीतल्या ओळीचा, त्यांना हात लावला नाही.

एक आधीच सांगायला हवं होतं. हे काम पडद्यावर करू नये. छापून घ्यावं, रेघांवर एका रंगाची आणि नकारांवर दुसऱ्या रंगाची पेन्सिल फिरवावी. एकेक वाक्य तपासताना निरागस दिसतं. पान हातभर लांब धरलं की रंगांचे पुंजके दिसतात, आणि माझ्या लेखात ते नेमके परिच्छेदांच्या शेवटी होते. जिथे सांगायचं संपलं होतं आणि मला थांबवत नव्हतं, तिथे.

चौथ्यांदा लेख देण्याआधी मी तो इतवारीत जाऊन काकाजींना वाचून दाखवला. पहिला खर्डाही मी त्यांना ऐकवला होता, तेव्हा ते ‘चांगलं लिवलं बाई’ म्हणून गप्प बसले होते. या वेळी भोंग्याचा परिच्छेद असा होता. ‘भोंगा वाजला की काकाजी घरून निघायचे. तेव्हा वस्तीत कुणाकडे घड्याळ नव्हतं, सगळं भोंग्यावरच चालायचं. पत्नी डबा भरून तयार ठेवायची.’

त्यांनी हात वर केला.

“थांबा जी. पत्नी कुठून आली? लगन त मंग झालं माहं. डबा माय भरे.”

रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी डबा कोण भरायचं ते सांगितलंच नव्हतं. पत्नी मी घातली होती, ‘माया होती’ या शेवटासाठी. तिथेच पेनाने खोडून ‘आई’ लिहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सांगितलं, मग आणखी दोन ठिकाणी अडवलं. एकदा खात्याचं नाव चुकलं होतं आणि एकदा वर्ष. संध्याकाळी फाइल समितीला पाठवली. या वेळी शेरा आला नाही, थेट छपाईची तारीख आली.