तिसऱ्या माळेला बेंच जड झाला

"दादा, क्रिएटिन एकदा चालू केलं की सोडता येत नाही म्हणतेत. सोडलं की बॉडी उतरते, अंगात जीव राहत नाही. खरंय का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सोडता येतं. मी दोनदा सोडलंय. पण पहिल्यांदा सोडलं तेव्हा तिसऱ्याच दिवशी मला पण वाटलं होतं की संपलं आता, आपल्याला याची सवय लागली. ती भीती खोटी नव्हती, फक्त तिचं कारण मी भलतंच धरून बसलो होतो.

झालं असं, क्रिएटिन म्हणजे जिमची पोरं ताकदीसाठी पाण्यातून घेतात ती पांढरी पावडर, ती मी सव्वा वर्ष रोज ५ ग्रॅम घेत होतो. नवरात्र आलं. आमचं घर तुळजापूरचं, म्हणजे कुलदैवत तिथलं, राहायला लातुरात. आई म्हणाली, "नऊ दिवस तरी ते डब्यातलं पांढरं बंद ठेव." आईशी वाद कोण घालणार, ठेवलं बंद. त्याच्यासोबत जिमच्या आधी घेत होतो ते प्री-वर्कआउट पण बंद केलं, आणि नऊ दिवसांचा उपवास, म्हणजे एकवेळ भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बाकी चहा.

तिसऱ्या माळेला बेंच मारायला, म्हणजे बाकावर झोपून छातीवरून वजन ढकलायला गेलो. माझे ७० किलोचे चार सेट ठरलेले, दर सेटला किती वेळा उचललं, म्हणजे किती रेप, ते वहीत लिहिलेलं असतंय, ८, ८, ७, ६. त्या दिवशी झाले ७, ६, ५, ४. डोकं दुखतंय, छाती फुगत नाही, आरशात दंड असे लटकल्यासारखे. पार्टनर म्हणाला, "बघ, म्हणलं होतं ना, क्रिएटिन सोडलं की असंच होतंय." आणि मी मान हलवली. रात्री झोपताना हिशोब करायलो की डबा संपत आला, नवीन कधी मागवायचा.

आता यातली गंमत बघा. तीन दिवसात क्रिएटिन अंगातून निघून जातच नाही.

आपण टँकरची वाट बघणारी माणसं, त्यामुळं टाकीच्या भाषेत सांगतो. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूत. काही महिने पावडर घेतली की ही टाकी वीसेक टक्के जास्त भरते, धरा १४० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्यावर कितीही ओतलं तरी ते लघवीवाटे जातं. रोज या साठ्यातला दोन ग्रॅमच्या आसपास भाग आपोआप क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतो. पावडर बंद केली तरी किडनी आणि लिव्हर मिळून स्वतःचं थोडं बनवतातच, मटण-मासे खाणाऱ्याला जेवणातून थोडं मिळतं, म्हणजे टाकीतून निव्वळ घट रोजची एक-दीड ग्रॅम. तीन दिवसात चार ग्रॅम कमी झाले तर १४० च्या टाकीला काय कळणार? पहिल्या पातळीवर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँकर एक दिवस आला नाही म्हणून गाव तहानेनं मरत नाही, तसं.

मग तिसऱ्या माळेला माझं काय झालं होतं? दोन गोष्टी, दोन्ही क्रिएटिनच्या नाहीत.

एक, कॅफिन. त्या प्री-वर्कआउटच्या एका चमच्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन होतं, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, म्हणजे आपल्या टपरीवरच्या चहाचे चार-पाच कप तरी. आणि कॅफिनची मात्र शरीराला खरीखुरी सवय लागते. मेंदूत थकव्याचा निरोप आत घेणारी जी दारं असतात ती कॅफिन अडवून ठेवतं, रोज अडवलं की मेंदू जास्तीची दारं उघडतो, आणि कॅफिन एकदम बंद केलं की सगळ्या दारातून थकवा आत घुसतो. डोकेदुखी १२ ते २४ तासात सुरू होते, पहिल्या दोन दिवसात जास्त, आणि आठ-नऊ दिवसात शांत होते. माझं डोकं दुसऱ्या माळेपासून ठणकत होतं, म्हणजे अगदी वेळापत्रकानुसार. चहा चालू होता म्हणून कमी झालं, नाहीतर अजून बेकार.

दुसरं, जेवण. स्नायूत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन, आणि एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. एकवेळ जेवून व्यायाम चालू ठेवला की दोन-तीन दिवसात हा साठा खाली येतो आणि स्नायू चपटे दिसायला लागतात. जिमवाले ज्याला 'फ्लॅट' म्हणतात ना, बहुतेक वेळा ते हेच असतं. वजन पण त्यामुळंच उतरतं, माझं ७४ वरून नवव्या माळेपर्यंत ७२.८ वर आलं. पार्टनर बघून म्हणाला, मसल गेला. सव्वा वर्षात बांधलेला मसल नऊ दिवसात जाईल कसा, पण त्या वेळी मला पण खरंच वाटलं.

दसरा झाला, पुरणपोळ्या हाणल्या, दोन्ही वेळ जेवण सुरू. क्रिएटिन मात्र मी मुद्दाम चालू केलं नाही, प्री-वर्कआउट पण नाही, कारण तोपर्यंत मला शंका यायला लागली होती. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी बेंच मारला, ८, ८, ७, ६. वजन ७३.६. डबा बंदच. आता जर ताकद क्रिएटिनमुळं गेली होती, तर क्रिएटिन न घेता परत कशी आली?

खरा फरक आला तो नंतर, गुपचूप. सहाव्या आठवड्यात वहीत दिसलं, ८, ८, ७, ५. शेवटच्या सेटला एक रेप कमी. वजन ७३. इतकंच. डोकं दुखणं नाही, मूड जाणं नाही, दंड लटकणं नाही. क्रिएटिनचं काम पण तेवढंच आहे, जोराच्या पहिल्या दहाएक सेकंदात स्नायूला पटकन चार्ज देणं. घेताना शेवटच्या सेटला एखाद-दोन रेप जास्त मिळतात, सोडल्यावर तेच परत जातात. आधी होतो तिथंच येतो, त्याच्या खाली नाही. आणि सव्वा वर्ष त्या जादा रेप मारून जो मसल बांधला तो व्यायाम आणि जेवण चालू ठेवलं तर राहतो, मधल्या काळात वही बघितली तर कळतं.

इथं पोरं मला अडवतात, की दादा बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतंय ना. बरोबर आहे, थोडं कमी करतं. किडनीतलं पहिलं एन्झाइम, एजीएटी त्याचं नाव, टाकी भरलेली दिसली की हळू पडतं. पण पावडर बंद केली की परत वेग घेतं. ही भीती आली कुठून तर इंजेक्शनवाल्या पोरांकडून. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मारलं की मेंदू गोट्यांना सिग्नल देणं बंद करतो आणि ते परत सुरू व्हायला महिनोन्महिने जातात, कधी डॉक्टर लागतो. दोन्हीला एकच तराजू लावला जातो कारण दोन्ही एकाच कपाटात ठेवलेले असतात.

माळकरी घरातल्या पोरांना एक वेगळं सांगतो. मटण-मासे नसल्यामुळं त्यांची टाकी मुळात जरा खाली असते, म्हणून पावडर घेतल्यावर त्यांना फरक जास्त जाणवतो आणि सोडल्यावर उतरलेला पण जरा जास्त जाणवू शकतो. तरी येणार ते स्वतःच्या जुन्या पातळीवरच.

मग सवय लागते ती कशाची? हे मला दुसऱ्या वेळी कळलं, म्हणजे परत चालू केल्यावर. बायकोला म्हणलं, चौदा दिवस तू मला रोज लिंबू सरबत दे, सात दिवस त्यात क्रिएटिन, सात दिवस नाही, कुठल्या दिवशी काय ते फक्त तुझ्या कॅलेंडरवर. एक अडचण होती, ५ ग्रॅम एका पेल्यात पूर्ण विरघळत नाही, तळाला वाळूसारखं बसतं, पिताना कळतं. म्हणून ती कोमट पाण्यात तीन ग्रॅमच मोठ्या तांब्यात विरघळवायची आणि मग लिंबू-साखर. मी रोज वहीत लिहायचो, आज होतं की नव्हतं, आणि व्यायाम कसा झाला, दहापैकी किती.

चौदापैकी आठ अंदाज बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते. पण ज्या दिवशी मी 'होतं' लिहिलं त्या दिवसांची सरासरी साडेसात, 'नव्हतं' लिहिलं त्या दिवसांची साडेपाच. खरोखर होतं आणि खरोखर नव्हतं असे दिवस वेगळे काढले तर दोन्हीकडं साडेसहाच्या आसपास. बायको हसत होती, मी नाही. दोन गुणांचा फरक पावडरीचा नव्हताच, पेला हातात घेऊन "आता ताकद आली" म्हणण्याचा होता. तसंही एक दिवस चुकल्यानं टाकीला काही होत नाही हे मला माहीत होतं, तरी मन दर सकाळी हिशोब मागायचं.

म्हणून कुणाला सोडायचं असेल तर मी एकच सांगतो, एका वेळी एकच गोष्ट सोडा. क्रिएटिन सोडताय ना, मग चहा-कॉफी-प्री-वर्कआउट आणि जेवण तसंच ठेवा, दर सोमवारी उपाशीपोटी वजन, आणि एकाच व्यायामाचे रेप लिहा, सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात वाईट वाटलं तर कारण दुसरीकडं शोधा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात शेवटच्या सेटला एखाद रेप आणि एखाद किलो गेलं तर हो, ते क्रिएटिनचं. हळूहळू कमी करत सोडायची गरज नाही, टाकी स्वतःच हळू उतरते. (आणि रक्त तपासायचं असेल तर डॉक्टरला सांगा की हे घेतो, क्रिएटिनिन जास्त येतं आणि किडनी खराब झाल्यासारखा रिपोर्ट दिसतो. आधीच किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.)

मागच्या महिन्यात भरतीच्या तयारीतलं एक पोरगं असंच घाबरून आलं होतं, ग्राउंडच्या आधी सोडू का नको. म्हणलं तुला सोळाशे मीटर पळायचंय, एखाद किलो पाणी कमी झालं तर पळायला हलकंच वाटेल, पण सोडायचं तर दीड महिना आधी, आदल्या आठवड्यात सोडून उपयोग नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन, "दादा, अंगात जीवच नाही बघा." विचारलं, अजून काय सोडलंस? तर म्हणे, "चहा पण सोडला, म्हणलं सगळंच एकदम सोडावं."